'अस्सल कस्तुरी'चा हट्ट आणि एका मृगातून निघणारा अर्धा ग्रॅम

गंधवेल्हाळ

हल्लीची अत्तरं म्हणजे निव्वळ रसायनं. कस्तुरी, अंबर आणि मांजरासारख्या प्राण्याच्या ग्रंथीतली जवादी शेकडो वर्षं वापरात होती, तेव्हा कुणाचं काही बिघडलं नाही. कस्तुरीमृग पाळता येतात. अंबर तर देवमाशाची उलटी, किनाऱ्यावर आपोआप येऊन पडते. प्राणिप्रेमाच्या नावाखाली आपल्याला पेट्रोलचा गाळ हुंगायला लावलाय. अस्सल माल परत यायला हवा, असं माझं स्पष्ट मत. कुणाला वेगळं वाटतं का?

अनंत_प

मला वाटतं, आणि जरा लांबण लावूनच सांगतो. सुगंधी मिश्रणं तयार करण्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत. 'अस्सल परत आणा' हे ज्यांनी तोलून पाहिलेलं नाही त्यांच्याकडूनच ऐकलंय.

तर तोलूनच पाहू. एका प्रौढ नराच्या ग्रंथीत साधारण २५ ग्रॅम कस्तुरी भरते. म्हणजे किलोमागे चाळीस नर. त्या कस्तुरीचा जो ओळखीचा वास आहे तो मुख्यतः मस्कोन या एका द्रव्याचा, आणि ते त्यात असतं जेमतेम अर्धा ते दोन टक्के. एक अख्खा प्राणी मारून हाती येतं सव्वाशे मिलिग्रॅम ते अर्धा ग्रॅम मस्कोन. चिमूटभरसुद्धा नाही. १९०६ साली हाइनरिख वालबाउमने हे मस्कोन कस्तुरीतून वेगळं काढलं. वीस वर्षांनी, १९२६ मध्ये, लिओपोल्ड रुझिच्काने त्याची घडण उलगडली. पंधरा कार्बनचं एक मोठं कडं निघालं. एवढं मोठं कडं टिकूच शकत नाही अशी तेव्हाच्या रसायनशास्त्रज्ञांची पक्की समजूत होती, आणि हरणाच्या पोटाखाली ते निवांत तयार होत होतं. १९३९ च्या नोबेलमागे हेही काम होतं. आज हेच मस्कोन कारखान्यात बनतं. रेणू तोच, फक्त मृग मरत नाही.

मी उमेदवारीत असताना आमच्या गुरुजींकडे जुन्या कस्तुरीच्या अर्काची एक बाटली होती. तीन टक्के कस्तुरी अल्कोहोलमध्ये मुरत ठेवलेली. ती हुंगून मीही भारावलो होतो, खोटं कशाला बोलू? नुसत्या मस्कोनपेक्षा त्या अर्कात जास्त काहीतरी होतं. कातडं, घाम, थोडी विष्ठासुद्धा. पण ते जास्तीचं काहीतरी जमवता येतं. मस्कोन, एथिलीन ब्रासिलेट, कस्तुरभेंडीच्या बियांचा अर्क आणि त्यात अगदी कणभर पॅराक्रेसॉल नि इंडोल. नंतर मी अशी जुळवणी करून गुरुजींना दोन कागदी पट्ट्या हुंगायला दिल्या, एक अस्सल अर्काची आणि एक माझी, कुठली कुठली ते न सांगता. त्यांनी बराच वेळ घेतला आणि चुकीची पट्टी उचलली. हे एका माणसाचं नाक आहे, याने सगळं सिद्ध होतं असं मी म्हणत नाही.

रानवाट

अनंतराव, तुमचा हिशेब अजून सौम्य आहे. चाळीस नर म्हणताना तुम्ही फास मोजलेच नाहीत.

मी काही वर्षं हिमालयात फास काढणाऱ्या पथकांबरोबर हिंडलोय. कस्तुरीमृगाला कुणी टिपून मारत बसत नाही. डोंगराच्या धारेवर झुडपांच्या फांद्या रचून लांबच लांब कुंपण घालतात, मधूनमधून फटी सोडतात आणि प्रत्येक फटीत तारेचा फास. प्राणी वाट शोधत फटीतून जातो आणि अडकतो. कस्तुरी फक्त नराला. शिंगं नराला नसतात, मादीलाही नसतात. पण शिंगं असती तरी काय? फासाला दिसतं का? मादी, पाडस, तरणा नर, जो येईल तो लटकतो. एका कामाच्या नरामागे असे तीन-चार जीव फुकट जातात असा तिथला अंदाज आहे. पंचवीस ग्रॅमसाठी.

मी पहिल्यांदा पाहिली ती मादी होती. फास पोटाभोवती आवळला गेला होता, तिने जमीन पायाने उकरून वाफा केला होता. शिकारी परत आलेलाच नव्हता. त्याला ती हवीच नव्हती.

'कुणाचं काही बिघडलं नाही' हे वाक्य वाचून मी इथे लिहायला बसलो.

गंधवेल्हाळ

ताशेरे ओढायची घाई झालीय सगळ्यांना. मी शिकार करा असं कुठे लिहिलंय? पाळा, असं लिहिलंय. चीनमध्ये कस्तुरीमृगांचे फार्म आहेत, जिवंत प्राण्याची ग्रंथी कोरून कस्तुरी काढतात, प्राणी जगतो. हे तुम्हाला माहीत नाही की सोयीने विसरलात?

आणि अनंतराव, ज्यावर पोट आहे त्याची वकिली माणूस करणारच.

अनंत_प

पोटाचं बोलू नका. माझी उमेदवारी संपली तेव्हा अस्सल कस्तुरीवर काम करायची एक संधी आली होती, पैसाही बरा होता. मी नाही म्हटलं. तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या आणि आजही नकोत, पण वकिली हा शब्द मागे घ्या.

फार्म माहीत आहेत. १९५८ पासून चीनने प्रयत्न चालवलेत, आणि जिवंत प्राण्यातून कस्तुरी काढता येते हे तुमचं खरं. पण हा प्राणी गाईसारखा नाही. एकटा राहतो, आपली हद्द राखतो, भित्रा आहे, आणि माणसाने धरलं की बिथरतो. दाटीत ठेवले की आजार पसरतात. इतकी दशकं खपूनही मागणी फार्ममधून भागली नाही, म्हणून चीनलाच औषधांसाठी कृत्रिम कस्तुरी बनवावी लागली. परंपरागत औषधात कस्तुरीला केवढा मान, तरी त्यांनी हे केलं. त्यात आणखी एक भानगड आहे. कायदेशीर फार्मचा माल बाजारात असला की फासातला माल त्याच्या आडून खपतो. ग्रंथी सुकल्यावर ती कुठून आली हे कुणाला सांगता येत नाही.

रानवाट

फार्मची कस्तुरी मिळत असतानाही फास लावले जातात, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय. फार्म वाईटच असं मी म्हणणार नाही. त्यामुळे रानातला एकही फास कमी झालेला मला दिसला नाही.

दर्याकाठ

कस्तुरीवर भांडा तुम्ही, पण अंबराबाबत मूळ पोस्ट बरोबर आहे. देवमासा ओकतो, ते तरंगत येतं, कुणीतरी उचलतं. यात हिंसा कुठे आली? उगीच सगळं एका पिशवीत कोंबू नका. मी स्वतः एकदा वाळूत करडा गोळा पाहिला होता. तापवलेली सुई टोचली, वितळून काळं डिंकासारखं आलं, धूर निघाला. शंभर टक्के अंबर. लोक म्हणाले कायद्याची भानगड होईल, म्हणून तिथेच टाकला. आजवर पस्तावतोय.

अनंत_प

दर्याकाठ, पस्तावू नका. सुई मेणातही अशीच शिरते आणि पॅराफिनही वितळून धूर सोडतं. जहाजांतून सांडलेली मेणं, चरबीचे गोळे, घट्ट झालेलं पामतेल, सगळं किनाऱ्यावर येतं आणि वर्षभर उन्हात पडलं की करडंच दिसतं. गोळा फोडल्यावर आत माखल्यांच्या चोचींचे काळे तुकडे दिसले तर निदान विचार करण्याजोगं आहे. नक्की सांगायला प्रयोगशाळाच लागते.

उलटीचं म्हणाल तर, अंबर बनतं ते स्पर्म व्हेल या देवमाशाच्या आतड्यात. माखल्यांच्या न पचलेल्या चोचींभोवती ते साठत जातं, आणि बाहेर येतं ते विष्ठेच्या वाटेने किंवा प्राणी मेल्यावर, असंच बहुतेक अभ्यासक मानतात. शंभरातल्या एखाद्याच व्हेलमध्ये ते सापडतं. ताजं अंबर काळं, चिकट आणि शेणासारखं घाणेरं असतं. मग वर्षानुवर्षं खारं पाणी, ऊन आणि हवा लागून त्यातलं अँब्रीन मोडतं. अँब्रीनला स्वतःचा वास नाही. ते मोडून जे अँब्रॉक्साइड तयार होतं ते म्हणजे अंबराचा वास.

आणि मूळ पोस्टमधलं 'पेट्रोलचा गाळ' इथे सपशेल चुकतं. अँब्रॉक्साइड १९५० पासून बनतंय ते क्लेरी सेज या झाडातल्या स्क्लॅरिऑलपासून. आता तर उसाची साखर आंबवून त्याचा कच्चा माल तयार होतो. समुद्र जे काम अनेक वर्षांत करतो ते भांड्यात काही दिवसांत.

दर्याकाठ

म्हणजे मी मेणाच्या गोळ्यासाठी अकरा वर्षं हळहळतोय असं म्हणायचंय तुम्हाला. असेल बाबा. पण किनाऱ्यावर सापडलेल्या खऱ्या अंबराला विरोध का, याचं उत्तर आलंच नाही.

अनंत_प

तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. वाळूत सापडलेल्या खऱ्या गोळ्यासाठी कुणी मेलेलं नसतं. आंतरराष्ट्रीय व्यापार करारातही अशा अंबराला टाकाऊ उत्सर्ग धरून मोकळं सोडलंय, तर भारत, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांत त्यावर बंदी आहे. बंदीमागचा विचार मला कळतो. गोळ्याकडे पाहून तो वाळूतून उचलला की व्हेल फाडून काढला हे कळत नाही, आणि व्हेलमारीच्या काळात मोठे गोळे फाडलेल्या आतड्यांतूनच निघाले. पण ज्याला खरोखर वाळूत सापडलं त्याला गुन्हेगार ठरवणं मलाही खुपतं.

मानसी_साबणवाली

विषयांतर वाटेल, पण मला इथेच विचारायचंय. मी हौसेने साबण करते. अनंतरावांनी कृत्रिम कस्तुरीचं, म्हणजे मस्कचं, नाव काढलं म्हणून सांगते, मला तिने चांगलंच फसवलंय. गॅलेक्सोलाइड नावाचं घट्ट मधासारखं द्रव्य मागवलं. वास शून्य! पुरवठादाराशी भांडले, त्याने दुसरी बाटली दिली, तीही बिनवासाची. मग मी प्रमाण तिप्पट केलं. ज्या मैत्रिणींना साबण दिले त्यांतल्या दोघी म्हणाल्या, डोकं चढतं, इतका वास. एक म्हणाली, न्हाणीघरात थांबवत नाही. मला काहीच नाही. म्हणजे बाटलीत भेसळ आहे आणि मैत्रिणी भेसळीनेच आजारी पडतायत, असं माझं मत झालंय. अस्सल असतं तर असं झालं असतं का?

अनंत_प

मानसीताई, बाटली बहुधा ठीक आहे. तुमच्या नाकाला तो एक रेणू दिसत नसावा. दिसत नाही म्हणजे रंगांधळ्याला हिरवा दिसत नाही तसं. गॅलेक्सोलाइडच्या बाबतीत हे पुष्कळांचं होतं. २०२२ मध्ये त्याचा संबंध नाकातल्या वास टिपणाऱ्या एका ग्राहीच्या जनुकातल्या बारीक फरकाशी जोडला गेला. याच कारणाने आम्ही कधी एकच मस्क वापरत नाही, तीन-चार मिसळतो. एक नाही पोचला तर दुसरा पोचतो.

गंधवेल्हाळ

घ्या! माल बिनवासाचा निघाला की गिऱ्हाइकाचं नाक वाईट. असलं सोयीचं विज्ञान मी प्रथमच ऐकतोय.

अनंत_प

ऐकलं नसेल तर पडताळून पाहा. मानसीताई, घरीच करता येईल. गॅलेक्सोलाइड अल्कोहोलमध्ये दहा टक्के करा. सारख्या कागदाच्या तीन पट्ट्या कापा. एकीवर हे द्रावण, दोघींवर नुसतं तेच अल्कोहोल. दहा मिनिटं वाळू द्या, नाहीतर अल्कोहोलच्या झोतात काहीच कळायचं नाही. घरातल्या कुणाला तरी तुमच्या पाठीमागे पट्ट्या अदलाबदल करायला सांगा. तुम्ही वेगळी पट्टी ओळखायची. असं सहा वेळा करा, प्रत्येक खेपेला ताज्या पट्ट्या घ्या आणि मध्ये पाच मिनिटं मोकळ्या हवेत जा. मस्कने नाक फार लवकर बधिर होतं, सलग हुंगलंत तर चांगलं नाकही हरेल. नुसत्या अंदाजाने सहापैकी दोनच्या आसपास बरोबर येतील. पाच किंवा सहा आले तर तुम्हाला वास येतो. मग तेच घरातल्या दुसऱ्या माणसाकडून करून घ्या.

सुमेधा

मला हे पटतं. माझ्या आईला एका नामांकित अत्तराचा वास अजिबात येत नसे, आम्ही तिला चिडवायचो. ती रडायचीसुद्धा. आज वाईट वाटतंय.

पण अनंतराव, एक गोष्ट तुम्ही चतुराईने वगळलीत. कृत्रिम मस्क तब्येतीला निर्धोक आहेत का? मी मुलाला अंगावर पाजत असताना वाचलं होतं की आईच्या दुधात मस्क सापडतो. तेव्हा मी घरातला प्रत्येक सुगंधी साबण बाहेर फेकला होता. आमच्यात त्यावरून भांडणंही झाली.

अनंत_प

वगळलं नव्हतं, पण तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण इथे आमच्या धंद्याची बाजू कमकुवत आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

१८८८ मध्ये आल्बर्ट बाउर स्फोटकांवर काम करत होता. टीएनटीच्या कुळातल्या एका पदार्थाला कस्तुरीसारखा वास आला आणि नायट्रो मस्कचा जमाना सुरू झाला. मस्क झायलिन, मस्क कीटोन, मस्क अँब्रेट. हे स्वस्त होते, म्हणून कपडे धुण्याच्या पावडरीपर्यंत पोचले. मस्कोन कसं बनवायचं हे कळलं तरी ते फार महाग पडायचं, त्यामुळे दशकानुदशकं हेच चाललं. मस्क अँब्रेटने उन्हात त्वचेवर चट्टे यायचे आणि प्राण्यांच्या मज्जातंतूंना इजा होते असं दिसलं, म्हणून तो गेला. मस्क झायलिन १९८१ मध्ये जपानच्या तामा नदीतल्या माशांत सापडला, पुढे आईच्या दुधातही. तो मोडत नाही, चरबीत साठतो. युरोपने २०१४ पासून विशेष परवान्याशिवाय त्याचा वापर बंद केला.

त्याची जागा गॅलेक्सोलाइडसारख्यांनी घेतली. तोही सांडपाण्यात, नद्यांत, दुधात सापडतो. सापडणं म्हणजे इजा होणं नव्हे, आणि आजच्या प्रमाणात माणसाला अपाय दिसलेला नाही. पण तुम्ही साबण फेकलेत याला मी वेडेपणा म्हणणार नाही. मोठ्या कड्याचे मस्क, म्हणजे मस्कोनच्या घराण्यातले, पाण्यात बरेच लवकर मोडतात. मी शक्यतो तेच वापरतो. महाग पडतात, हे खरं.

गंधवेल्हाळ

म्हणजे शेवटी मान्य केलंत की तुमची रसायनं दुधात जातात. इतका वेळ मी काय सांगत होतो?

रानवाट

तुम्ही मृग मारायला सांगत होतात. नदीत जाणारं रसायन बदलता येतं, बदललंही. मेलेली मादी कशी बदलणार? आणि जवादीबद्दल तर तुम्ही एक अक्षर बोललेला नाहीत. इथिओपियात जवादी मांजराचे रानातले नर पकडून, अंगही वळवता येणार नाही अशा काठ्यांच्या पिंजऱ्यात, धुराने कोंदलेल्या झोपडीत कोंडतात. आठ-दहा दिवसांनी शेपटी ओढून धरायची आणि ग्रंथी खरवडायची, आणि हे वर्षानुवर्षं. पकडल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच कित्येक मरतात, मग नवे पकडतात. गोळा झालेली जवादी बैलाच्या शिंगात भरून विकायची. तिच्यातलं सिव्हेटोन आता कारखान्यात बनतं. हे कशासाठी परत आणायचं, सांगा.

गंधवेल्हाळ

जवादीचं हे मला ठाऊक नव्हतं. पिंजऱ्याचं वाचून बरं वाटलं नाही. जवादी मी यादीतून काढतो. कस्तुरीचीही शिकार नको, मान्य. पण फार्म सुधारता येतील आणि वाळूतलं अंबर चालावं, यावर मी ठाम आहे. आणि 'वकिली' मागे घेतो, अनंतराव. बाकी काही मागे घेत नाही.

अनंत_प

तेवढं पुरे.

मानसी_साबणवाली

प्रयोग केला, दोन संध्याकाळ गेल्या. पट्ट्या मुलीने हलवल्या. मला सहापैकी दोन बरोबर, आणि त्या दोन्हींवरही मी अंदाजानेच बोट ठेवलं होतं. मुलीला सहाच्या सहा. ती तर दारातूनच म्हणाली, आई, ही. नवऱ्याला पाच.

मग माझ्याकडे एथिलीन ब्रासिलेटची छोटी बाटली पडून होती, तिचं दहा टक्के करून तसंच केलं. सहापैकी सहा! मऊ, धुतलेल्या कपड्यासारखा, किंचित गोड. इतकी वर्षं लोक मस्क मस्क करतात तो हाच का?

पुरवठादाराला फोन करून माफी मागितली. मैत्रिणींकडचे उरलेले साबण परत मागवलेत. आता प्रश्न असा, की तिप्पट गॅलेक्सोलाइड घातलेल्या चाळीस वड्यांचं करायचं काय? वापरले तर सगळं मोरीतूनच जाणार.

अनंत_प

किसून, मस्क न घातलेल्या नव्या साबणात एकास दोन मिसळा, प्रमाण जागेवर येईल. त्यापेक्षा जास्त मस्क मोरीत जाणार नाही, पण कमीही नाही जाणार. जे घातलंत ते घातलंत. आणि यापुढे गॅलेक्सोलाइड वजनकाट्यावर मोजून घाला, नाकाने नाही.

सुमेधा

मानसीताई, आईसाठी हा प्रयोग करणार आहे. सत्तरीला आली आहे, पण निदान चिडवल्याची भरपाई होईल. अनंतराव, वय झाल्यावर नाक मंदावलेलं आणि जन्मापासून तो एक वास नसलेला, यातला फरक कसा ओळखायचा?

अनंत_प

वयाने नाक सगळीकडेच मंदावतं. लवंग, लिंबू, कॉफी हुंगायला द्या. ते सगळं नीट ओळखलं आणि फक्त मस्कच अडला, तर ते बहुधा जन्माचं. त्या अत्तरात कुठला मस्क आहे ते कळलं तर तोच नुसता देऊन पाहा, आणि शेजारी एथिलीन ब्रासिलेटही ठेवा.